कोणाचंही मन न दुखावता निवड कशी करावी

वार्षिक कार्यक्रम पार पडला. आभारप्रदर्शन एकदाचं संपलं. मग कार्यकारिणीच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, "रेकॉर्डिंग आहेच की. त्यातलं चांगलं चांगलं निवडून ऑनलाइन टाकू या." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि तुमच्याकडे पाहिलं. सचिव तुम्ही, तेव्हा टिपणही तुम्हीच लिहायचं.

घाबरायचं कारण नाही. उत्तम टिपण तेच, ज्यातून कुणी वगळलं जात नाही आणि काही निवडलंही जात नाही.

सुरुवात "दर्जेदार, वैविध्यपूर्ण व प्रातिनिधिक कार्यक्रमांची निवड करण्यात यावी" या वाक्याने करा. यातला प्रत्येक शब्द उरलेल्या दोघांचा काटा काढतो. गाणं दर्जेदार आहे म्हणावं, तर त्याच ढंगाची चार गाणी आधीच आहेत, म्हणजे वैविध्य गेलं. वैविध्य म्हणून नक्कल घ्यावी, तर ती प्रातिनिधिक नाही. कुणाचीही तक्रार आली की तीनपैकी एक शब्द पुढे करता येतो.

मग पद्धत लिहा: "सर्व सदस्यांनी रेकॉर्डिंग पाहून आपलं मत कळवावं." कार्यक्रम २४, रेकॉर्डिंग ३ तास ४० मिनिटांचं. ते कुणीही पूर्ण पाहणार नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. प्रत्येक जण आपल्या मुलीचा नाच शोधून काढेल, दोनदा पाहील आणि "एकंदर छानच झालंय" असं कळवेल. असे नऊ अभिप्राय जमले की त्यांना सर्वानुमत म्हणा.

याला एक कंटाळवाणा पर्याय आहे, तो टिपणात चुकूनही येऊ देऊ नका. दोघांनी वेगवेगळं बसायचं. प्रत्येकाने एक तक्ता करायचा: कार्यक्रम कितव्या मिनिटाला सुरू होतो, कधी संपतो, आवाज, चित्र, परवानगी, शेरा. प्रत्येक कार्यक्रमाची पहिली ३० सेकंदं, मधली ३० आणि शेवटची ३० पाहायची. २४ कार्यक्रमांची ही चाळणी ३६ मिनिटांत होते. त्यात जे टिकेल तेवढंच पूर्ण पाहायचं, आणि दोघांचे शेरे जुळत नाहीत तिथेच चर्चा करायची. धोका लक्षात आला ना? दोन संध्याकाळीत निवड होऊन जाईल. मग उपसमिती कशासाठी नेमणार?

आवाजाचा मुद्दा तर टाळाच. चित्रावर बोला, "प्रकाशयोजना अप्रतिम" वगैरे. कारण एकदा कुणी हेडफोन लावून, पडद्याकडे पाठ करून ऐकायला बसलं की २४ पैकी निम्मे कार्यक्रम तिथेच गळतील. कॅमेरा सभागृहाच्या मागच्या भिंतीला स्टँडवर होता, त्यामुळे त्याच्या माइकने सगळ्यात इमानदारीने टिपलाय तो पंखा, सरकणाऱ्या खुर्च्या आणि स्टँडशेजारी बसलेल्या गृहस्थांचा खोकला. पंख्याची घरघर पुष्कळशी कमी करता येते, सभागृहातला घुमारा फारसा जात नाही. आणि नाट्यप्रवेशात नायक ओरडतो तिथे आवाज फाटलाय, त्याला तर इलाजच नाही. संगणकावर त्या जागी आवाजाच्या लाटा पाहिल्या तर त्यांचे माथे कात्रीने कापल्यासारखे सपाट दिसतात. नंतर आवाज बारीक केला तर फाटलेलंच बारीक ऐकू येतं, कारण कापलेला भाग मुळात रेकॉर्डच झालेला नाही.

ध्वनिव्यवस्थेच्या माणसाने मिक्सरवरून वेगळं रेकॉर्डिंग करून ठेवलंय, हे तर कुणाला सांगूच नका. ते सापडलं तर एखादी टाळी किंवा तबल्याची थाप जुळवून कॅमेऱ्याच्या चित्राखाली स्वच्छ आवाज बसवता येतो. कुणी उत्साहाने सगळे ३ तास ४० मिनिटं एकदाच जुळवायला बसलं, तर मात्र बसू द्या. दोन यंत्रांची घड्याळं नेमकी सारख्या वेगाने चालत नाहीत. सुरुवातीला जुळलेले ओठ आणि शब्द शेवटाकडे एकमेकांपासून सुटतात. मग तो स्वतःच जाहीर करेल की हे काही होण्यासारखं नाही. एकेक कार्यक्रम कापून वेगळा जुळवला तर चार-पाच मिनिटांत तो फरक जाणवतही नाही, पण हे त्याला तुम्ही कशाला सांगायचं? (मिक्सरवर फक्त माइकमधलंच येतं. ज्या ढोलकीला माइक नव्हता ती तिथे नाही, टाळ्याही नाहीत. कुणी अगदीच हट्टाला पेटलं तर ही हरकत काढून ठेवलेली बरी.)

परवानगीबद्दल एकच ओळ पुरे: "आवश्यक त्या परवानग्या गृहीत धरण्यात याव्यात." सिनेमाच्या गाण्यावरचा समूहनृत्याचा ट्रॅक मूळ रेकॉर्डिंगचाच आहे. यूट्यूबची यंत्रणा असा ट्रॅक आपोआप ओळखते, आणि पुढे काय करायचं ते हक्कदार ठरवतो: व्हिडिओ बंद, किंवा जाहिरातीचं उत्पन्न त्याच्याकडे. तुम्ही खाली "सर्व हक्क मूळ मालकांचे" असं लिहा. त्याने काही होत नाही, पण लिहिल्याचं समाधान मिळतं. त्या नृत्यातल्या ११ मुलांच्या पालकांना विचारू नका, कारण एकाने नकार दिला तर उरलेल्या दहांचंही अडेल. प्रवेशाच्या अर्जावरच सहीची एक ओळ ठेवली असती तर हा प्रश्नच आला नसता. पण तो अर्जही तुम्हीच तयार केला होता, तेव्हा हा विषय वाढवू नका.

राहिला कार्यक्रम क्रमांक १७. एक ज्येष्ठ सदस्या एकट्या उभ्या राहून एक जुनं पारंपरिक पद म्हणतात. साथीला काही नाही. माइक जवळ, स्टेजवर दुसरा कुठलाच आवाज नाही, त्यामुळे मिक्सरवर श्वाससुद्धा स्वच्छ आलाय. पद परंपरेतलं, चाल त्यांच्या आईकडून आलेली, ट्रॅक नाही, परवानगी विचारायची तर एक फोन. ३ मिनिटं ५० सेकंद. दुसऱ्या कडव्यात त्या एक ओळ विसरतात, क्षणभर थांबतात, स्वतःशीच हसतात आणि ती ओळ पुन्हा उचलतात. हा तुकडा कुठल्याही तक्त्यात प्रत्येक रकान्यात पास होईल, म्हणूनच तो धोकादायक. शेरा असा लिहा: "रंगत कमी. मागे पुढच्या नाटकाचं टेबल दिसतं."

एवढं झालं की बैठक बोलवा. कुणाला गाळणार, यावर पाऊण तास शांतता पसरेल. मग अध्यक्ष म्हणतील, "सगळंच टाकू या की, एकत्र." हे शब्द त्यांच्या तोंडून यावेत, तुमच्या नाही. ठराव संमत. ३ तास ४० मिनिटांची एकच अखंड फाइल जाईल, त्यात अध्यक्षांच्या भाषणाची १९ मिनिटं धरून. बावन्नाव्या मिनिटाला समूहनृत्याचा ट्रॅक सुरू होतो. हक्कदाराने अडवायचं ठरवलं की तेवढं नृत्य नाही, सगळी फाइलच दिसेनाशी होते.

कुणीही वगळलं गेलं नाही. कुणाचंही मन दुखावलं नाही.

चार दिवसांनी १७ नंबरच्या बाईंचा फोन येईल. "माझं दिसत नाहीये हो. मी काही चुकीचं दाबलं का?"

"नाही, नाही," म्हणा. "तुमचं काही चुकलं नाही. पाहतो आणि कळवतो."