स्टॉपलॉस लावला म्हणून लॉट दुप्पट? म्हापशेकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

म्हापशेकर लिहितात: "तुमचा हिशेब फार भित्रा आहे. १० लाखांवर २ टक्के, म्हणजे २०,००० ची जोखीम, आणि त्यात निफ्टीच्या पुट स्प्रेडचे फक्त २ लॉट? मी निम्म्या तोट्यावर स्टॉपलॉस लावतो, म्हणून मला ४ लॉट बसतात. मार्जिन तर त्याहून कितीतरी जास्त लॉटना पुरतं. पूर्ण तोटा होतो कुणाला?"

म्हापशेकर, आधी आकडे समोर ठेवतो, म्हणजे आपण एकाच सौद्याबद्दल बोलतोय हे नक्की होईल. २४,५०० चा पुट विकला, २४,३०० चा घेतला, हातात ६० पॉइंट आले. अंतर २०० चं, त्यातून ६० वजा, म्हणजे वाईटात वाईट १४० पॉइंट. लॉट ६५ चा धरू (तो बदलत असतो, सौदा टाकायच्या दिवशीचा आकडा घ्या). एका लॉटला ९,१०० आणि ब्रोकरेज, कर वगैरेंचे अंदाजे ३००, असे ९,४००. २०,००० ला ९,४०० ने भागलं की २.१ येतात. अपूर्णांक नेहमी खालीच सोडायचा, म्हणून २ लॉट.

तुमच्या ४ लॉटचा खरा वाईट आकडा ३७,६०० आहे. १८-२० हजारांवर थांबू असं म्हणताना तुम्ही स्टॉपलॉस नक्की लागेल हे गृहीत धरता. ऑप्शनमध्ये स्टॉपलॉस-मार्केट ऑर्डर एनएसईने २०२१ मध्येच बंद केली. उरली लिमिटवाली, आणि भाव लिमिटच्या पलीकडे उडाला तर ती तशीच पडून राहते. ७ एप्रिल २०२५ चा सोमवार आठवा. शुक्रवारी २२,९०४ ला बंद झालेली निफ्टी हजाराहून अधिक पॉइंट खाली उघडली. शुक्रवारच्या भावाजवळ स्ट्राइक असलेला २०० चा स्प्रेड पहिल्याच मिनिटाला दोन्ही स्ट्राइकच्या खाली. तिथे निम्म्यावर थांबायला जागाच नव्हती.

त्याहून वाईट म्हणजे दोन लेगना वेगवेगळ्या ऑर्डर असतील तर एकच पूर्ण होऊ शकते. घेतलेला पुट विकला गेला आणि विकलेला तसाच राहिला, की १४० ची मर्यादाच गेली. बाहेर पडताना विकलेला लेग आधी परत घ्यायचा. स्टॉपलॉस जरूर ठेवा, सरासरी तोटा त्याने कमी होईल. पण लॉटची संख्या त्यावरून ठरवू नका. मार्जिनचंही तेच. तो आकडा एक्स्चेंज स्वतःच्या सुरक्षिततेसाठी काढतं, तुमच्या २ टक्क्यांशी त्याचा संबंध नाही.

जास्त लॉट हवे असतील तर अंतर कमी करता येतं, पण त्याची किंमत बघा. २४,५०० आणि २४,४०० चा स्प्रेड, समजा ३४ पॉइंट मिळाले. वाईट ६६ पॉइंट, लॉटला ४,२९० आणि खर्च धरून साधारण ४,५५०. ४ लॉट बजेटमध्ये बसतात, आणि मिळकतही खर्च न धरता ८,८४० दिसते, २ रुंद लॉटच्या ७,८०० पेक्षा जास्त. आता निफ्टी २४,४०० ला बंद झाली असं धरा. रुंद स्प्रेडचे २ लॉट तेव्हा ५,२०० तोट्यात असतात, अरुंदचे ४ लॉट मात्र १७,१६० तोट्यात, म्हणजे पूर्ण गेलेले. बजेट सारखंच, पण अरुंदात ते शंभर पॉइंट आधीच संपतं. मी रुंद आणि थोडे लॉट घेतो. तुम्ही उलट घेतलंत तर निदान हे माहीत असू द्या.

बजेट पूर्ण पोर्टफोलिओचं आहे, एका सौद्याचं नाही. बँक निफ्टीचा पुट स्प्रेडही उघडा असेल तर त्याचा पूर्ण तोटा याच २०,००० मधून वजा करा, कारण मोठ्या पडझडीत दोन्ही एकत्रच जातात. पुट आणि कॉल असे दोन्ही स्प्रेड एकत्र विकलेल्या आयर्न कॉन्डोरला मात्र एकाच एक्स्पायरीच्या दोन बाजूंपैकी एकच बाजू पूर्ण बुडू शकते, म्हणून तिथे जास्त रुंद बाजूचं अंतर घ्यायचं आणि त्यातून दोन्हीकडचं प्रीमियम वजा करायचं. आणि पर्वरीचा फ्लॅट पोर्टफोलिओत मोजून टक्केवारी वाढवू नका. हे तुम्हाला नाही म्हणत, पण फोंड्यात अशी दोन मंडळी मला भेटली आहेत.

हा सगळा हिशेब निफ्टीसारख्या रोखीत मिटणाऱ्या इंडेक्सपुरता. शेअरच्या ऑप्शनमध्ये प्रत्यक्ष डिलिव्हरी होते. ५००-४८० चा पुट स्प्रेड असून शेअर ४९२ ला बंद झाला, तर ५०० च्या पुटमुळे शेअर तुमच्या गळ्यात येतात आणि ४८० चा पुट तोवर शून्य झालेला असतो. १,००० शेअरचा लॉट असेल तर ५ लाख उभे करा, आणि पुढच्या घसरणीला खालून कसलाच आधार नाही. असा सौदा मी एक्स्पायरीच्या आदल्या दिवशीच मिटवतो, मग थोडं प्रीमियम सोडावं लागलं तरी चालेल.