अन्विता म्हणजे ‘मागे जाणारी’ नव्हे

प्रतिक्रिया: “‘अनु’ म्हणजे मागे, ‘इ’ म्हणजे जाणे. अन्विता म्हणजे सरळ ‘शी हू फॉलोज’. तुम्ही बारशाच्या कार्डावर ‘अकंपनीड, नेव्हर अलोन’ छापलंत, ते पदरचं आहे. त्यात फोड ‘अनु + ईत’ अशी लिहिलीय आणि जन्मनक्षत्रही नाही. संस्कृतचा गंध नसलेल्यांनी लोकांच्या लेकरांची नावं बिघडवू नयेत.”

चूक दाखवायला माझी कधीच हरकत नसते. पण ‘गंध नसलेल्यांनी’ हे कुणाला उद्देशून लिहिताय, याचा थोडा तरी विचार करायचात. माझ्या आजोबांनी मी सहा वर्षांची असताना अमरकोश पाठ करून घेतला. एक शब्द अडखळला की पुन्हा पहिल्या ओळीपासून. पुढे १९ वर्षं मी शाळेत संस्कृत शिकवलं. अनोळखी बाईशी या सुरात बोलायची पद्धत आमच्याकडे नव्हती.

‘ईत’ ही माझी टंकनातली चूक. ऱ्हस्व ‘इत’ हवं, दुरुस्त केलंय.

आता अर्थ. धातू सांगितला की काम संपलं असं तुम्ही धरलंत आणि त्याला लागलेला ‘क्त’, म्हणजे बहुधा कर्मणी अर्थ देणारा प्रत्यय, पाहिलाच नाहीत. अनु + इ + क्त म्हणजे अन्वित, त्याचं स्त्रीलिंग अन्विता. तुम्ही म्हणाल, गत्यर्थक धातूंना हा प्रत्यय कर्तरीही लागतो, ‘रामः ग्रामं गतः’. लागतो ना. म्हणूनच शब्द वापरात कसा येतो ते बघायचं. गीतेत ९.२३ मध्ये ‘यजन्ते श्रद्धयान्विताः’ आहे. संधी सोडवा: श्रद्धया अन्विताः. ‘श्रद्धया’ ही तृतीया. ते श्रद्धेच्या मागे जाणारे असते तर ‘श्रद्धाम्’ अशी द्वितीया दिसली असती. इथे श्रद्धा त्यांच्यासोबत आहे, ते श्रद्धेने युक्त आहेत. ‘गुणान्वित’मध्येही हेच. मागे जाणारीला संस्कृतात ‘अनुगामिनी’ हा स्वच्छ शब्द आहे.

‘पदरचं’ म्हणालात त्याचंही सांगते. पहिल्या नमुन्यात मी ‘एन्डाउड’ एवढंच लिहिलं होतं. भाचीनं व्हॉट्सअॅपवर तो पाहिला आणि लगेच विचारलं, “मामी, एन्डाउड विथ व्हॉट?” प्रश्न रास्त होता. अन्विता हा शब्द तृतीयेची वाट पाहतो: कशाने अन्विता? समासात ती जागा भरलेली असते, नुसत्या नावात मोकळी राहते. इंग्रजीत ‘एन्डाउड’ तसाच अर्धवट लोंबकळतो, ‘अकंपनीड’ मात्र एकटाही उभा राहू शकतो. ‘नेव्हर अलोन’ हा त्याचा खुलासा आहे आणि कार्डावर तो खालच्या ओळीत, बारीक तिरप्या अक्षरात आहे. फोटो मोठा करून पाहायचे कष्ट घेतले असतेत तर दिसलं असतं.

नक्षत्र आईबापांना नको होतं. विषय संपला.

‘शी हू फॉलोज’ तुम्हाला आवडत असेल तर तुमच्या घरच्या कार्डावर खुशाल छापा. माझ्या भाचीच्या लेकीच्या पाळण्याला मी ते लावणार नाही.