क्वार्टरमधल्या कॅलरी आणि भाकरीतल्या कॅलरी

«भाऊ, दारूला उगाच नावं ठेवू नका. एका क्वार्टरमध्ये दोन भाकरींची ताकद असते, म्हणून दिवसभर राबणारा माणूस न जेवता नुसती पिऊन झोपला तरी चालतं. रोज पिणारे बघा, कुणाचं पोट सुटलंय का? दारू चरबी जाळते. रोज घेतली की लिव्हरला सवय होते, ते मजबूत होतं. सोबत शेव-शेंगदाणे असले की लिव्हरला धक्का लागत नाही. मोहाची असेल तर ते औषधच. जास्त झाली तर लिंबूपाणी घ्या, अर्ध्या तासात उतरते.»

जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर फिरत फिरत हा मेसेज आमच्या मामांच्या फोनवर पोचला. मामांना शुगरची गोळी चालू आहे आणि त्यांनी तो पुढे तिघांना पाठवला. म्हणून हे लिहावं लागतंय.

भाकरीच्या दाव्यात अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर 42.8 टक्के लिहिलेलं असतं. क्वार्टर 180 मिलीची, म्हणजे त्यात 77 मिली शुद्ध अल्कोहोल. ते पाण्याहून हलकं, म्हणून वजन भरतं साधारण 61 ग्रॅम. एका ग्रॅमला 7 कॅलरी धरा, झाल्या जवळपास 425. पिठाच्या एका ग्रॅमला चारही होत नाहीत आणि तुपाला नऊ होतात, म्हणजे दारू तुपाच्या जवळ जाते. ज्वारीच्या दोन बऱ्यापैकी भाकऱ्यांना 120 ग्रॅम पीठ लागतं, त्यातही चारशेच कॅलरी. इथपर्यंत मेसेजवाल्याचं गणित बरोबर.

पण त्या 120 ग्रॅम पिठात बारा ग्रॅम प्रोटीन असतं, लोह असतं, तंतू असतात, बी-1 जीवनसत्त्व असतं. क्वार्टरमध्ये यातलं काही नाही. धान्य असो, मळी असो की मोह, आंबवून भट्टीवर चढवलं की वाफेबरोबर अल्कोहोल आणि थोडे वासाचे पदार्थ वर जातात. प्रोटीन, लोह, क्षार सगळं खाली भांड्यात राहतं आणि फेकून दिलं जातं. वर, दारू आतड्यातून बी-1 शोषू देत नाही. शरीरात या जीवनसत्त्वाचा साठा दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो. जेवण सोडून पिणाऱ्याचा तो संपला की आधी चाल बिघडते, डोळे नीट फिरत नाहीत, माणूस बरळतो, आणि घरचे म्हणतात, आज जास्त झालेली दिसते.

आता न जेवता पिऊन झोपण्याचं बघू. या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य तेच आहे, म्हणून इथे थोडं सविस्तर.

पोटातून आणि आतड्यातून रक्तात आलेल्या अल्कोहोलपैकी थोडंसं श्वास, लघवी आणि घामातून तसंच बाहेर जातं. नव्वद टक्क्यांहून जास्त लिव्हरलाच निस्तरावं लागतं. लिव्हर ते दोन टप्प्यांत करतं. पहिल्यात अल्कोहोल डिहायड्रोजिनेज नावाचं एन्झाइम त्याचं अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं, आणि हे विषारी आहे. दुसऱ्या टप्प्यात दुसरं एन्झाइम त्या अ‍ॅसिटाल्डिहाइडचं अ‍ॅसिटेट करतं. अ‍ॅसिटेट बरंचसं लिव्हरमधून बाहेर पडून स्नायू आणि हृदयात जळतं. कॅलरी मिळतात त्या अशा, म्हणजे मिळतात हे खरंच आहे.

मेख आहे ती मधल्या हायड्रोजनमध्ये. दोन्ही टप्प्यांत अल्कोहोलमधून हायड्रोजन काढला जातो आणि तो उचलायला एनएडी नावाचा रेणू लागतो. केळीच्या ट्रकवर घड चढवताना हमालांना रिकाम्या पाट्या लागतात, तशा या रेणूंच्या पाट्या समजा. अल्कोहोलच्या प्रत्येक रेणूला दोन पाट्या लागतात, आणि लिव्हरमधल्या पाट्या रिकाम्या होण्याला ठरावीक वेळ लागतो. त्यामुळे वेगालाही मर्यादा येते. सत्तर किलोच्या माणसाचं लिव्हर तासाला सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल हाताळतं, त्याहून फारसं जास्त नाही. एक क्वार्टर 61 ग्रॅमची, म्हणजे सहा ते नऊ तासांचं काम. रात्री आठला प्यायलेली पहाटेपर्यंत चालू असते.

तेवढा वेळ त्याच रिकाम्या पाट्या लागणारी लिव्हरची बाकीची कामं अडतात, आणि त्यातलं एक काम म्हणजे साखर तयार करणं. आपण जेवलेलो नसताना रक्तातली साखर लिव्हर दोन मार्गांनी टिकवतं. एक म्हणजे साठवलेली साखर सोडणं. भरल्या पोटी हा साठा ऐंशी ते शंभर ग्रॅम असतो, आणि दिवसभर कापूस वेचून किंवा ट्रक भरून दुपारी नीट न जेवलेल्या माणसात तो बराचसा संपलेला असतो. दुसरा मार्ग म्हणजे स्नायूंतून आलेल्या लॅक्टेटपासून आणि प्रोटीनच्या तुकड्यांपासून नवी साखर बनवणं. पाट्या भरलेल्या असल्या की लॅक्टेट साखरेकडे जातच नाही, उलट साखरेकडे जाणारा मालही परत लॅक्टेट होतो. आणि दारूपासून तर साखर बनतच नाही, शरीरात तो रस्ताच नाही. म्हणजे 425 कॅलरी पोटात आहेत आणि रक्तातली साखर उतरत चालली आहे, असा प्रकार होतो.

हे लगेच दिसत नाही. पिण्यानंतर सहा तासांनी, कधी त्याहून बऱ्याच उशिरा दिसतं, म्हणजे नेमकं पहाटे किंवा दुसऱ्या सकाळी. रात्री दहाला नीट बोलणारा माणूस पहाटे उठवता उठत नाही, अंग गार, कपडे घामाने भिजलेले, हात थरथरतात, क्वचित झटका येतो. तोंडाला वास येत असतो, म्हणून सगळे म्हणतात, झोपू द्या, उतरेल. नशा तासातासाला कमी होत जायला हवी. ती पहाटे वाढलेली दिसली तर ती नशा नाही असं धरून चाला. घरात ग्लुकोमीटर असेल तर बोट टोचा: 70 च्या खाली म्हणजे साखर कमी, 54 च्या खाली म्हणजे गंभीर. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, मग खायला द्या. शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, कुशीवर करा आणि 108 ला फोन लावा. डॉक्टरांना दोन गोष्टी सांगा: कधी प्यायला आणि शेवटचं कधी जेवला. तिथे ते सलाइनच्या साखरेबरोबर बी-1 पण देतील. शुगरच्या पेशंटला, विशेषतः ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्याला, हा धोका दोन्ही बाजूंनी येतो, कारण गोळी साखर खाली ओढत असते आणि लिव्हरला ती वर आणता येत नसते. मामा, हे तुमच्यासाठी.

आता चरबी जळण्याचं. जळत नाही, उलट जळायची थांबते. चरबी जाळायलाही त्याच रिकाम्या पाट्या लागतात. शरीराला दारू साठवता येत नाही, म्हणून आधी तिचा निकाल लावला जातो आणि चरबी लिव्हरमध्येच साचत राहते. मग रोज पिणारे वाळलेले का दिसतात? न्यूयॉर्कचे डॉक्टर चार्ल्स लीबर यांनी हयातभर याच प्रश्नावर काम केलं. 1972 मध्ये रोमानो पिरोला आणि त्यांनी दाखवलं की संतुलित आहारातल्या पिष्टमय पदार्थांच्या जागी तेवढ्याच कॅलरींची दारू दिली, आणि ती एकूण कॅलरींच्या निम्मी असली, तर माणसाचं वजन घटतं. नेहमीच्या जेवणावर रोज दोन हजार कॅलरींची दारू वाढवली तर वजन फारसं वाढत नाही, तेवढ्याच कॅलरींचं चॉकलेट वाढवलं तर चढत जातं. कारण खूप पिणाऱ्याच्या लिव्हरमध्ये दारूसाठी एक दुसरा मार्ग उघडतो. तो शक्ती साठवण्याऐवजी ऑक्सिजन खर्चून बरीचशी उष्णता म्हणून घालवतो. वाळतात ते हातपाय आणि दंड. जेवणासोबत थोडी थोडी घेणाऱ्याचं पोट मात्र सुटतंच, त्याचं जेवण कमी झालेलं नसतं.

‘लिव्हर मजबूत होतं’ हे याच दुसऱ्या मार्गाचं उलटं वाचन आहे. रोज पिणाऱ्यात सीवायपी-2ई-1 नावाचं एन्झाइम कित्येक पटींनी वाढतं, म्हणून त्याला उशिरा चढते. पण त्या कामात पेशींना जाळणारे ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू तयार होतात. हेच एन्झाइम पॅरासिटामॉलचंही विष करतं. उपाशी, रोज पिणाऱ्याने अंग दुखतं म्हणून दिवसभरात गोळ्यांवर गोळ्या खाल्ल्या की लिव्हर काही दिवसांत बसू शकतं. चढत नाही ही सवय आहे, तब्येत नाही. तपासायचं असेल तर लिव्हरच्या रक्ततपासणीत एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुप्पट किंवा जास्त आलं, जीजीटी वाढलेलं असलं, तर दारूचा संशय पक्का होतो. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून सुटलो असं मात्र नाही, सोनोग्राफीत चरबी तरीही दिसू शकते. या पायरीवर पूर्ण बंद केली तर काही आठवड्यांत ती बरीचशी उतरते. सिरॉसिस झाल्यावर तशी परतफेड होत नाही. आणि रोज भरपूर पिणाऱ्याने बंद करायची ती डॉक्टरांना सांगून, एकदम सोडली तर झटके येऊ शकतात.

शेव-शेंगदाण्यांनी एवढंच होतं की अल्कोहोल आतड्यात हळू उतरतं, चढण्याचा जोर कमी होतो. उपाशी पोटापेक्षा ते बरंच. पण लिव्हरपर्यंत येणारे 61 ग्रॅम जवळपास तेवढेच राहतात, आणि शेवेचं तेल जळायचं थांबून साठतं ते वेगळं. चांगल्या खाण्याने लिव्हर वाचतं का, हेही लीबर आणि रुबिन यांनी 1968 मध्ये स्वयंसेवकांवर तपासलं. भरपूर प्रोटीन आणि जीवनसत्त्वं असलेलं जेवण देऊनही काही दिवसांतच लिव्हरमध्ये चरबी साचली.

मोहाचं फूल खरंच चांगलं, सातपुड्यात ते वाळवून खातात. त्यातली साखर आंबवून गाळली की उरतो तोच रेणू, आणि हातभट्टीच्या बाटलीवर टक्के लिहिलेले नसतात.

लिंबूपाण्याने तोंडाला चव येते. एनएडीच्या पाट्या त्याने रिकाम्या होत नाहीत, कॉफीनेही नाही, आंघोळीनेही नाही. आठला क्वार्टर संपवून पहाटे चारला केळीचा ट्रक घेऊन निघणाऱ्याच्या रक्तात ती अजून असू शकते, लिंबू कितीही पिळा.