डब्यातला हशा

आज जेवताना टीव्हीवर एक विनोदी कार्यक्रम चालू होता. नटाचं वाक्य संपायच्या आत मागून हशा, आधीच मुद्रित करून डब्यात भरून ठेवलेला. दार उघडलं, हशा. चहा सांडला, हशा. डोकं उठलं अगदी! आणि वैताग असा की मध्येच मीही फिस्सकन हसले. लेक म्हणाला, "आई, हसू नकोस, ते खोटं आहे."

खोटं असेल, पण कानाला ते कुठे कळतं? हसण्याचा आवाज आला की मेंदूत चेहऱ्याच्या हालचालींची तयारी करणारा भाग आपोआप जागा होतो. विनोद कळो न कळो, ओठ हलायला लागतात. माझी आत्या नाटकाला आली की हेच व्हायचं. तिचं खिंकाळणं सुरू झालं की अख्खी रांग हसायची, निम्म्यांना तर संवाद ऐकूच आलेला नसायचा.

अमेरिकेत चार्ल्स डग्लस या ध्वनितंत्रज्ञाने 1950च्या दशकात अशा डब्यातल्या हशाचं यंत्रच केलं. कळ दाबली की हवं तसं हसू, कुठे नुसती खुसखुस तर कुठे गडगडाट. लंडनच्या मेंदूशास्त्रज्ञ सोफी स्कॉट आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये मुद्दाम टुकार विनोद निवडले आणि त्यांना हशा जोडून लोकांना ऐकवले. हशा मुद्दाम काढलेला असला तरी विनोदाला गुण जास्त पडले, आणि खराखुरा असला तर आणखी जास्त. म्हणजे आत्याशी बरोबरी डब्याला जमत नाहीच. पण चालतो तो, हे मान्य करावं लागतं. बरं.

मला सगळ्यात आवडला तो ऑस्ट्रेलियातला 2005चा प्रयोग. ला ट्रोब विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना एका विनोदवीराची टेप ऐकवली. काहींना सांगितलं, मागे हसणारे तुमच्याच विद्यापीठातले आहेत. काहींना सांगितलं, ते अमुक राजकीय पक्षाचे लोक आहेत. टेप तीच, हशा तोच. हसणारे आपले वाटले तेव्हा पोरं खूप हसली. परके वाटले तेव्हा त्या हशाचा फारसा उपयोग झालाच नाही. आत्याच्या रांगेत आम्ही सगळे तिचे भाचेपुतणे असायचो. मागच्या रांगेतले लोक मात्र वळून डोळे वटारायचे!

आणि वाहिनीवाल्यांनो, अति केलंत की उलटतं. रॉबर्ट प्रोव्हाइन या मानसशास्त्रज्ञाने वर्गात हसणारं खेळणं पुन्हा पुन्हा वाजवलं. पहिल्या वेळी जवळपास निम्मी मुलं हसली, दहाव्या वेळेपर्यंत बहुतेकांना ते नकोसं झालं. तुम्ही तर एका भागात दहापट वाजवता.

एकट्याने मोबाइलवर बघणाऱ्यांना तो हशा सोबत देतो, असं कुणी म्हणेल. देत असेल. पण विनोदी नाटक बघायचं तर रविवारी संध्याकाळी भरलेल्या नाट्यगृहात बघा, आणि बाल्कनीत सुटं बसू नका. खाली, गर्दीच्या मधलं तिकीट काढा. शेजारी कुणाची तरी आत्या असेलच.