जनसुनावणी बिनबोभाट उरकण्याची युक्ती

डोंगर फोडून खाण काढायची आहे आणि पर्यावरण मंजुरीच्या वाटेत जनसुनावणी आडवी आलीय? घाबरू नका. तिथे मतदान होत नाही. हजार माणसं येऊन विरोध करून गेली तरी सुनावणी झाली, आणि कुणीच फिरकलं नाही तरी झालीच, कारण २००६ च्या अधिसूचनेत गणसंख्येची अटच नाही.

सूचना ३० दिवस आधी वर्तमानपत्रात द्यावी लागते. कितव्या पानावर, हे कुणी विचारत नाही. टेंडर नोटिसांच्या गर्दीत ती शोभून दिसेल. खाणीचा पर्यावरणावर काय परिणाम होईल, हे सांगणाऱ्या अहवालाच्या प्रती जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत ठेवा. गावाच्या भाषेत फक्त सारांश लागतो. बाकीचा जाडजूड गठ्ठा इंग्रजीत चालतो, आणि खरी गंमत त्या गठ्ठ्यातच असते.

उदाहरणार्थ, विहिरी. भूजल, हवा यांची मोजमापं सहसा पावसाळा सोडून एकाच हंगामात घेतली की भागतं. मग ती डिसेंबरात घ्या. डिसेंबरात विहीर तुडुंब असते आणि आकडे बघून वाचणाऱ्यालाही बरं वाटतं. रोजगार, शाळा, वृक्षारोपण असल्या विषयांवर लोकांना हवं तितकं बोलू द्या, वेळ छान जातो. फक्त मागच्या रांगेतली एखादी बाई उठून "पाणी कोणत्या महिन्यात मोजलं? मे महिन्यात आमच्या विहिरीत पोहरा बुडत नाही," असं म्हणाली, तर सावध व्हा. या बाईने सारांशावर समाधान मानलेलं नाही.

तिला उत्तर देऊ नका, 'नोंद घेतली' म्हणा. पुढे अंतिम अहवालात तक्ता येतो: डावीकडे मुद्दा, उजवीकडे तुमचं उत्तर. डावीकडे 'पाण्याबाबत चिंता' आणि उजवीकडे 'योग्य ती काळजी घेण्यात येईल' असं लिहा. महिना गेला, पोहराही गेला. दिल्लीतल्या तज्ज्ञ समितीपुढे एवढंच पोचायला हवं. (गोव्यातल्या एका खाणीच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये बजावलं होतं की समितीने हरकतींचा विचार केल्याचं कारणांसकट दिसलं पाहिजे. पण 'चिंता' एवढीच ढोबळ असेल तर कारणंही ढोबळ चालून जातात.)

एकच अडचण आहे. सुनावणीचं पूर्ण चित्रीकरण होतं, आणि शेवटी मांडलेल्या मुद्द्यांचं टिपण सगळ्यांसमोर स्थानिक भाषेत वाचून दाखवावं लागतं. त्यावर सुनावणीचे अध्यक्ष, म्हणजे जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी, त्याच दिवशी सही करतात. त्या वेळी ती बाई हजर असली, तर "माझा मे महिना कुठाय?" असं कॅमेऱ्यासमोर विचारून टिपण दुरुस्त करून घेईल. तेव्हा भाषणं लांबवा, आणि वाचन गावची शेवटची एसटी सुटल्यावर ठेवा.