मसाल्यावर लाल ठिपका

सोमवारी सकाळी चहा पिताना मोबाईलवर आलं, तुमची जाहिरात नामंजूर. बायकोनं खांद्यावरून वाचलं आणि विचारलं, "म्हणजे आपला मसाला खोटा म्हणालेत काय?"

मसाला खोटा नाही हो. आईचा कांदा-लसूण मसाला आहे, ब्याडगी आणि संकेश्वरी मिरचीचा, सगळ्या गल्लीला शिंका येतील असा. दिवसाला २०० रुपये टाकून सोशल मीडियावर जाहिरात करावी म्हटलं, आणि तिथंच माती खाल्ली, कारण डिझाईन करायला गेलो गंगावेशच्या आमच्या फ्लेक्सवाल्या मामांकडं. ज्या माणसानं आयुष्यभर एकाएका वाढदिवसाच्या फ्लेक्सवर चाळीस चाळीस चेहरे बसवलेत त्याला मोकळी जागा दिसली की त्रास होतो.

मजकुरात अकरा 🔥, चार 🌶️ आणि तीन ✅. ते ठीक आहे. पण फोटोत बरणीच्या बरोबर मध्ये पांढरा ▶️, कोपऱ्यात लाल गोळ्यात "1" आणि आमच्या नावापुढं निळी टिक.

"मामा, हा व्हिडिओ नाही, फोटो आहे."

"म्हणून तर टाकलंय की! व्हिडिओ असता तर बटण आपोआप आलं असतं."

"दाबल्यावर काय होणार?"

"काय हुतंय? बघणारा जवळ येतोय. एकदा जवळ आला की मसाला दिसतोय."

"आणि हा लाल एक?"

"भावा, ह्यो एक बघितला की माणूस दाबतोच. आमच्या मंडळींना रात्री असला एक दिसला तर झोप लागत न्हाई, उठून बघतात. बघितलं तर दूध डेअरीचा मेसेज असतोय."

निळ्या टिकेबद्दल विचारलं तर म्हणाले, "आईचा मसाला हाय न्हवं? मग खरंच हाय की!" ह्या युक्तिवादापुढं मी गप्प झालो. पाचशे रुपये पण दिले, ते वेगळंच.

तर नामंजूर झाल्यावर मला वाटलं आग जास्त झाली. अकराच्या दोन केल्या, परत पाठवली. प्रत्येक बदलाला तपासणी पुन्हा पहिल्यापासून, त्यात दिवस जातो. नामंजूर. ✅ काढल्या. नामंजूर. आणि कारण म्हणून दर वेळी तीच एक ओळ, जाहिरातीत अस्तित्वात नसलेली सुविधा दाखवली आहे. अहो, कसली सुविधा? मसाल्याला कसली आलीय सुविधा? नक्की कुठल्या चिन्हावर बोट आहे ते सांगायला काय जातंय, शाळेतले मास्तर पण चुकीच्या गणिताखाली लाल रेघ मारायचे.

मग रात्री बसून नियम वाचला. इमोजीला मनाईच नव्हती तिथं. भारंभार चिन्हं ओतू नका, तपासणीला चकवायला शब्दात चिन्हं घुसवून "फु🔥क🔥ट" असलं लिहू नका, एवढंच. (गुगलच्या सर्च जाहिरातीच्या मजकुरात मात्र इमोजी चालतच नाही, हेडलाईनला उद्गारचिन्ह पण नाही. कोल्हापुरात उद्गारचिन्हाशिवाय "लय भारी" म्हणायचं म्हणजे रश्शाशिवाय मिसळ खायची.) माझं दुखणं मजकुरात नव्हतंच, फोटोत होतं. प्लेचं बटण, नोटिफिकेशनचा ठिपका, टिक मारायचा चौकोन, चित्रात ह्यातलं काही दाखवलं तर ते चाललं पाहिजे. नुसतं काढलेलं असेल तर माणूस फसून दाबतो, म्हणून बंदी. आणि निळी टिक म्हणजे खातं तपासून दिलेली खूण, ती आपल्या हातानं चिकटवायची म्हणजे स्वतःच्या दाखल्यावर स्वतःच शिक्का मारण्यातला प्रकार. मी तीन दिवस मजकुरातली आग विझवत बसलेलो आणि धूर फोटोतनं येत होता.

बटण, ठिपका, टिक काढून मोबाईलवर काढलेला साधा बरणीचा फोटो लावला, मजकुरात एक मिरची ठेवली. दोन तासांत मंजूर. पण सांगू का, त्याच रात्री मला एक जाहिरात दिसली, सात दिवसांत टकलावर केस, मधोमध हे एवढं बटण, कोपऱ्यात लाल "3". दाबलं तर थेट दुकानात नेऊन उभं केलं. त्याला कोण विचारणार? नियम काय फक्त २०० रुपयेवाल्यालाच लावायचा असतो काय?

मामांना हे सांगितलं तर त्यांना माझ्यापेक्षा राग आला. नाकारलेलं डिझाईन वाया जाऊ नये म्हणून त्यांनी निम्म्या पैशात त्याचा फ्लेक्स करून गल्लीच्या तोंडाला लावला. "हितं कोण तपासतंय बघू," म्हणाले. बटणासकट, लाल एकासकट.

काल संध्याकाळी तिथनं येताना बघितलं, शेजारचं पाच वर्षांचं पोरगं टाचा उंचावून, उड्या मारून त्या ▶️ ला हात लावत होतं. शेवटी हात पोचला. दाबलं. थोडा वेळ थांबून बघितलं, परत दाबलं. मग माझ्याकडं वळून म्हणालं, "काका, तुमचं नेट गेलंय."