आकृती १, आणि तिची कॅप्शन

आमच्या मॅडमना एखादी गोष्ट अर्ध्या तासाची वाटली की ती माझ्याकडे येते. या वेळी म्हणाल्या, "अरे, वर्कशॉपच्या हँडआउटला एक साधं कोएफिशियंट प्लॉट टाक ना, तीन मॉडेल्स शेजारी शेजारी, डेटा तो नेहमीचाच घे mtcars, आणि खाली एक कॅप्शन." ते "आणि खाली एक कॅप्शन" ज्या सुरात म्हणाल्या ना, त्या सुरात लोक "येताना कोथिंबीर आण" म्हणतात.

ज्यांना mtcars माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हा आर नावाच्या स्टॅटिस्टिक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये आयता मिळणारा डेटा आहे, १९७४ च्या एका अमेरिकन मोटार मासिकातून घेतलेला, ३२ गाड्या, आणि प्रत्येकीचं मायलेज, वजन, हॉर्सपॉवर, सिलिंडर वगैरे. जगात जो कोणी रिग्रेशन शिकला त्याने या गाड्यांना एकदा तरी हात लावलेला असतो. त्यात एक कॅडिलॅक फ्लीटवूड आहे, वजन सव्वापाच हजार पाउंड आणि देते किती, तर गॅलनला १०.४ मैल. म्हणजे लिटरला साडेचारच्या आतच. आपल्याकडे ही गाडी घेऊन कोणी सोसायटीत आला असता तर "किती देते?" या प्रश्नाचं उत्तर द्यायच्या भीतीने जिन्यानेच वर गेला असता.

तर मॉडेल्स तीन. पहिल्यात मायलेज आणि फक्त वजन, दुसऱ्यात वजन आणि हॉर्सपॉवर, तिसऱ्यात वजन, हॉर्सपॉवर, सिलिंडर. प्लॉट म्हणजे काय, तर प्रत्येक कोएफिशियंटचा, म्हणजे ती गोष्ट एकाने वाढली की मायलेज किती बदलतं त्या आकड्याचा, एक ठिपका, आणि ठिपक्याला दोन्ही बाजूंनी मिशा फुटल्यासारखी आडवी रेघ, ती रेघ म्हणजे ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, आकडा किती इकडेतिकडे असू शकतो ते सांगणारी. मध्ये शून्याची उभी रेघ. टेबलापेक्षा हे चित्र शंभर पटीने बरं, हे मी कोणाशीही भांडून सांगेन, पण हे चित्र स्वतःहून काहीच सांगत नाही, सगळं खालच्या कॅप्शनला सांगावं लागतं, आणि इथेच माझी वाट लागते.

पहिलं चित्र काढलं तर त्यात इंटरसेप्टसाहेब ३७ वर जाऊन बसलेले. त्यांच्यासाठी अक्ष चाळीसच्या पुढे ताणलेला, आणि बाकी सगळी जनता डाव्या कोपऱ्यात अंग चोरून उभी. आणि या ३७ चा अर्थ काय, तर वजन शून्य असलेली गाडी ३७ मैल देईल. म्हणजे लिटरला सोळाच्या आसपास. शून्य वजनाची गाडी, आणि फक्त सोळा! इंटरसेप्ट काढून टाकला. कॅप्शनमध्ये एक वाक्य वाढलं: इंटरसेप्ट दाखवलेला नाही.

मग हॉर्सपॉवर. वजनाचा आकडा आहे उणे ५.३४, कारण डेटात वजन हजार पाउंडांत मोजलंय. हॉर्सपॉवरचा आकडा उणे ०.०३, कारण तो एकेका हॉर्सपॉवरला आहे. चित्रात हॉर्सपॉवरचा ठिपका थेट शून्याच्या रेघेवर येऊन बसला आणि त्याची मिशी इतकी बारीक की ती ठिपक्याच्याच पोटात गेली. बघणारा म्हणणार, हॉर्सपॉवरचा काही परिणामच नाही वाटतं. आता गंमत बघा, दुसऱ्या मॉडेलमध्ये हाच आकडा शून्यापासून व्यवस्थित लांब आहे, फक्त एकक असं निवडलंय की तो दिसत नाही. म्हणून मी हॉर्सपॉवर ५० च्या पटीत घेतली, म्हणजे ठिपका गेला उणे १.५९ वर आणि मिशी उणे २.५१ ते उणे ०.६७. माणसासारखी दिसायला लागली. सिलिंडर दोन-दोनच्या पटीत घेतले, कारण त्या डेटात चार, सहा आणि आठ सोडून दुसरी गाडीच नाही, एका सिलिंडरचा हिशोब कोणाला सांगणार. कॅप्शनमध्ये अजून एक वाक्य. तीन तर एककंच झाली.

मग चित्राची रचना. कोड एवढाच आहे, ज्यांना हवा त्यांनी घ्या (`d` मध्ये तिन्ही मॉडेल्सचे आकडे `broom` च्या `tidy()` ने `conf.int = TRUE` देऊन काढून, इंटरसेप्ट गाळून, कुठलं मॉडेल ते `model` कॉलममध्ये लिहून एकाखाली एक लावलेत):

```r
ggplot(d, aes(estimate, term, colour = model, shape = model)) +
  geom_vline(xintercept = 0, linetype = 2) +
  geom_pointrange(aes(xmin = conf.low, xmax = conf.high),
                  position = position_dodge(width = 0.5)) +
  guides(colour = guide_legend(reverse = TRUE),
         shape = guide_legend(reverse = TRUE))
```

यातली `position_dodge` ची ओळ विसरलात तर तिन्ही मॉडेल्स एकाच रेघेवर एकमेकांच्या डोक्यावर बसतात. आणि `reverse` कशाला, तर चित्रात मॉडेल १ सगळ्यात खाली येतं आणि लीजेंडमध्ये सगळ्यात वर, म्हणजे वाचणाऱ्याने चित्र बघून लीजेंड बघितली की त्याच्या मानेचा व्यायाम होतो. वर सिलिंडर फक्त मॉडेल ३ मध्येच आहे, त्यामुळे तिथे एकटाच ठिपका ओळीच्या बरोब्बर मधोमध येतो, बाकी ठिकाणी मॉडेल ३ एका टोकाला असतं, म्हणजे जागेवरून मॉडेल ओळखायची सोय नाही. रंगच बघायचा.

आणि रंग बघायचा तर हँडआउट छापणार ब्लॅक अँड व्हाइट! आमच्या छपाईवाल्या काकांनी प्रूफ पाठवलं तर तिन्ही मॉडेल्स एकाच राखाडी रंगाची. आता ggplot2 चे डिफॉल्ट रंग छटेने वेगळे असले तरी उजळपणाने सारखेच ठेवलेले असतात, त्यामुळे रंग काढून घेतला की लाल, हिरवा, निळा सगळे भाऊ-भाऊ. म्हणून वरच्या कोडात `shape` आलं, गोल, त्रिकोण, चौकोन. काका म्हणाले, "हे बरं केलंत." काकांचं कौतुक दुर्मीळ असतं म्हणून नोंदवून ठेवतो.

आता मेन दुखणं. चित्र तयार झालं आणि ऑफिसातल्या दोन जणांनी ते बघून एका दमात दोन निष्कर्ष काढले. पहिला: "हॉर्सपॉवर तिसऱ्या मॉडेलमध्ये उडाली." दुसरा: "वजनाच्या मिशा एकमेकींवर येतायत, म्हणजे मॉडेल्समध्ये काही फरक नाही." दोन्ही निष्कर्ष चित्राकडे बघून इतके साहजिक वाटतात की राग पण येत नाही.

हॉर्सपॉवरचं बघा. तिसऱ्या मॉडेलमध्ये ठिपका उणे ०.९० वर आला आणि मिशी उणे २.१२ पासून अधिक ०.३१ पर्यंत गेली, शून्य ओलांडून. पण नुसता ठिपका सरकला नाही, मिशीही लांब झालीये, कारण सिलिंडर आणि हॉर्सपॉवर हे जवळजवळ हातात हात घालूनच फिरतात, त्यांचं कोरिलेशन ०.८३ आहे. ज्या गाडीला आठ सिलिंडर तिलाच दांडगी हॉर्सपॉवर. दोघांना एकाच मॉडेलमध्ये कोंबलं तर कोणामुळे मायलेज गेलं हे ३२ गाड्यांवरून मॉडेलला नीट सांगता येत नाही, म्हणून ते दोघांबद्दलही चाचरत बोलतं. सिलिंडरची मिशीही शून्य ओलांडतेच की. "उडाली" नाही, "नक्की सांगता येत नाही" असं आहे. आणि दुसऱ्या मॉडेलमधली हॉर्सपॉवर म्हणजे वजन सारखं धरून, तिसऱ्यातली म्हणजे वजन आणि सिलिंडर दोन्ही सारखे धरून, प्रश्नच वेगळा आहे, फक्त नाव तेच.

आणि एकमेकींवर येणाऱ्या मिशा. वजनाचा ठिपका पहिल्या मॉडेलमध्ये उणे ५.३४, मिशी उणे ६.४९ ते उणे ४.२०. दुसऱ्यात उणे ३.८८, मिशी उणे ५.१७ ते उणे २.५८. येतात एकमेकींवर, चांगल्या एक मैलभर येतात. पण मिशा एकमेकींवर आल्या म्हणजे फरक नाही हा नियम दोन वेगवेगळ्या गटांसाठी पण खरा नाही, आणि इथे तर दोन्ही मॉडेल्समध्ये त्याच ३२ गाड्या आहेत, मग दोन्ही आकडे एकमेकांना बांधलेले. नीट बघितलं तर ५.३४४ वरून ३.८७८, म्हणजे फरक १.४७. हा कुठून आला ते अगदी हिशोबाने काढता येतं. या डेटात हजार पाउंड जड गाडीला सरासरी ४६ हॉर्सपॉवर जास्त असते, आणि दुसऱ्या मॉडेलप्रमाणे एकेक हॉर्सपॉवर ०.०३१८ मैल खाते. करा गुणाकार, ४६.१६ गुणिले ०.०३१८, आलं १.४७. पहिल्या मॉडेलमध्ये वजन बिचारं हॉर्सपॉवरचंही बिल भरत होतं. म्हणजे हा फरक खरा आहे का, हे वजनाच्या मिशा कुठे भिडतात यावर नाही, दुसऱ्या मॉडेलमध्ये हॉर्सपॉवरची मिशी शून्याला शिवते का यावर ठरतं, आणि ती शिवत नाही.

हे सगळं आता कॅप्शनमध्ये! मॅडमना म्हटलं, हे मजकुरात लिहू. म्हणाल्या, "मजकूर कोण वाचतं, लोक चित्र बघतात आणि चित्राखालचं वाचतात." बरोबर आहे त्यांचं, म्हणून तर वैताग. शेवटी हे झालं:

"आकृती १. गाडीचं वजन, हॉर्सपॉवर आणि सिलिंडर यांचा मायलेजशी संबंध. ठिपके म्हणजे लिनियर रिग्रेशनचे अंदाज, आडव्या रेघा म्हणजे ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, तुटक रेघ म्हणजे शून्य. मॉडेल १: फक्त वजन, मॉडेल २: वजन आणि हॉर्सपॉवर, मॉडेल ३: वजन, हॉर्सपॉवर आणि सिलिंडर. आकडे म्हणजे मायलेजमधला बदल, मैल प्रति गॅलन. वजन दर १००० पाउंडांना, हॉर्सपॉवर दर ५० ला, सिलिंडर दर दोनाला. तिन्ही मॉडेल्समध्ये त्याच ३२ गाड्या. इंटरसेप्ट दाखवलेला नाही. मॉडेल्सच्या रेघा एकमेकींवर येतात की नाही यावरून मॉडेल्समधला फरक ठरवू नये."

"त्याच ३२ गाड्या" हे फुकटचं वाक्य वाटेल, पण ते सगळ्यात महागाचं आहे. इथे कुठल्याच गाडीचा आकडा गहाळ नाही म्हणून सोपं गेलं. खऱ्या सर्व्हेत एखादा नवीन व्हेरिएबल टाकला की ज्यांनी त्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही ते लोक गुपचूप गळतात, तिसरं मॉडेल कमी माणसांवर चालतं, आणि ठिपका सरकला तो व्हेरिएबलमुळे की माणसं गळाल्यामुळे, हे चित्रात बघून ब्रह्मदेवालाही कळणार नाही. तिथे प्रत्येक मॉडेलमध्ये किती माणसं आहेत तो आकडा लिहावाच लागतो.

काकांकडे कॅप्शन पाठवली. त्यांनी फोन केला. मला वाटलं लांबी बघून ओरडणार, पण ते नीट वाचून आले होते, आख्ख्या ऑफिसात पहिलेच. म्हणाले, "सर, एक विचारू का, ते सिलिंडरचं बघितलं, दोन सिलिंडरला जवळजवळ दोन मैल जातात. म्हणजे सहा सिलिंडरच्या गाडीतले दोन बंद केले तर तेवढं वाढेल ना मायलेज? माझ्या मेव्हण्याचा गॅरेज आहे."

कॅप्शनमध्ये एक वाक्य वाढवलं: हे फक्त संबंध आहेत, कारण-परिणाम नाहीत. परत पाठवली. काका म्हणाले, "ठीक आहे, पण आता चित्र बारीक करावं लागेल."